लय आणि अक्षरांची दाटी

गाण्याची ओळ लांब झाली आहे की आखूड, हे कागदाकडे पाहून ठरवता येत नाही. एकोणीस अक्षरांची एक ओळ आणि सहा अक्षरांची दुसरी ओळ एकाखाली एक लिहिली, तर पहिली भरगच्च आणि दुसरी विरळ वाटते. पण त्या ओळी कोणत्या लयीत गायल्या जाणार आहेत हे कळेपर्यंत या वाटण्याला काही अर्थ नसतो. म्हणूनच संगीतकार चाल ऐकवतो आणि तिच्यावर शब्द मागतो, तेव्हा मी गाण्याचा विषय विचारण्याआधी लय विचारते. कोणी आकडा सांगतो, कोणी नुसती टाळी देऊन दाखवतो. टाळी दिली तर घड्याळ लावून पंधरा सेकंदांतले ठोके मोजायचे आणि त्यांना चारने गुणायचे. मिनिटाला किती मात्रा पडतात ते कळते. या लेखात मात्रा हा शब्द तालाच्या ठोक्यासाठीच वापरला आहे, वृत्तातील लघु-गुरूंच्या मोजणीसाठी नाही. अक्षर म्हणजेही लिहिलेले अक्षर नव्हे, तर एका स्वराभोवती एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनी. हा फरक मराठीत फार मोलाचा आहे आणि त्याच्याकडे मी पुढे सावकाश येणार आहे.

लय कळली की ओळीला किती सेकंद मिळणार ते काढता येते. ओळ आठ मात्रांची असेल आणि लय मिनिटाला साठ मात्रांची असेल, तर ओळीला आठ सेकंद मिळतात. तीच ओळ मिनिटाला दीडशे मात्रांच्या लयीत घेतली, तर तीन सेकंदांहून किंचित जास्त वेळ उरतो. ओळीतल्या अक्षरांना या सेकंदांनी भागले की जो आकडा येतो, त्याला मी दाटी म्हणते. साध्या बोलण्यात आपण सेकंदाला चार ते सहा अक्षरे सहज उच्चारतो. गाण्यात ही गती क्वचितच लागते. माझ्या कामातला ठोकताळा असा, की संथ गाण्याची ओळ सेकंदाला एक-दीड अक्षराच्या आसपास मोकळी वाटते, मध्य लयीत दोन ते तीन अक्षरे बसतात आणि द्रुत लयीत चारपर्यंत गेले तरच ओळ तालाबरोबर पळते. सहाच्या पुढे गेले की ऐकणाऱ्याला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाहीत. हा काही नियम नव्हे. पण मसुदा कुठे अडकला आहे ते शोधायला एवढा अंदाज पुरतो.

हे सगळे एका गाण्याच्या आधाराने सांगणे बरे, कारण त्या गाण्याने हा प्रश्न तिन्ही लयींत एकदम समोर आणला होता. एका नृत्यनाट्यासाठी ते गाणे हवे होते. ताल केरवा, ओळ एका आवर्तनाची म्हणजे आठ मात्रांची, आणि संगीतकाराचा बेत असा, की गाणे मिनिटाला साठ मात्रांवर सुरू व्हावे, मधल्या भागात शहाण्णववर यावे आणि शेवटी दीडशेवर पोहोचावे. भाव एकच: कोणीतरी परतलेले नाही आणि वाट पाहणाऱ्याच्या दाराशी दिवा जळतो आहे. गाण्याची बीज-ओळ तिन्ही टप्प्यांत ओळखू यायला हवी होती.

पहिल्या टप्प्यासाठी मनात आलेली ओळ अशी होती: ‘रात्र उलटून गेली तरी तुझ्या दाराशी दिवा जळतो आहे.’ वाचायला ती चांगली आहे. बोलताना होतात तशी तिची अक्षरे मोजली तर एकोणीस भरतात, आणि आठ सेकंदांत एकोणीस अक्षरे म्हणजे सेकंदाला सव्वादोनहून थोडी जास्त. आकडा भीतिदायक नाही. गायिकेला ती म्हणता आली, कुठे अडखळावेही लागले नाही. तरीही दोनदा ऐकल्यावर संगीतकार म्हणाले, ‘‘ताई, ओळ छान आहे, पण मला सूर ठेवायला जागाच नाही.’’

त्यांच्या म्हणण्याचा अर्थ नीट पाहण्यासारखा आहे. आठ सेकंदांत एकोणीस अक्षरे बसवायची, तर प्रत्येक अक्षराच्या वाट्याला अर्ध्या सेकंदाहूनही कमी वेळ येतो. तेवढ्या वेळात स्वर लागतो, पण ठरत नाही. त्याच्यावरून घसरत पुढच्या स्वरावर नेणारी मींड घेता येत नाही, आवाज हळूहळू वाढवून पुन्हा कमी करता येत नाही, एका स्वरावरून शेजारच्या स्वराला स्पर्श करून परत येता येत नाही. संथ लयीचे सारे सामर्थ्य या गोष्टींत असते, आणि दाट ओळ नेमके तेच काढून घेते. मग ताल संथ राहतो, पण त्यावरचे शब्द सावकाश वाचून दाखवल्यासारखे वाटतात. संथ गाण्यात शब्द जास्त झाल्याची आणखी एक खूण असते. तालीम पुढे जाते तशी लय कोणी न सांगता वाढत जाते. साठवर सुरू केलेले गाणे तिसऱ्या कडव्यापर्यंत सत्तरच्या पुढे सरकलेले असते. तबलजी लय ओढतो आहे असे सगळ्यांना वाटते; पण पुष्कळदा गाण्याला ढकलत असतात ते शब्दच, कारण जिभेला त्या शब्दांची नैसर्गिक गती ठाऊक असते आणि ती त्या गतीकडे धाव घेते.

ओळ कमी करायची म्हणजे विशेषणे काढायची, असे आपण सहज धरून चालतो. इथे विशेषण नव्हतेच. ‘रात्र उलटून गेली तरी’ हा काळ सांगणारा तुकडा होता, ‘तुझ्या दाराशी’ हे स्थळ होते आणि ‘जळतो आहे’ ही क्रिया होती. यांतले कोणते दोन तुकडे एका शब्दात सांगता येतील, हा खरा प्रश्न होता. दिवा जळतो असे म्हणण्याऐवजी दिवा जागा आहे असे म्हटले, तर क्रिया येते आणि रात्रही येते, कारण जागे असण्याला उशीर झालेला असावा लागतो. ‘तुझ्या’ची गरज नव्हती, वाट कोणाची आहे ते पुढच्या ओळीत येणारच होते. उरली ती ओळ अशी: ‘दारी दिवा जागा’. सहा अक्षरे, आठ सेकंद. दाटी सेकंदाला एक अक्षरही नाही.

आता ही सहा अक्षरे आठ मात्रांवर कशी बसली ते पाहू. ‘दा’ समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर आला आणि पूर्ण एक मात्रा राहिला, ‘री’ दुसऱ्या मात्रेवर. तिसऱ्या मात्रेचा पहिला अर्धा भाग ‘दि’ला मिळाला आणि उरलेला अर्धा भाग व चौथी मात्रा ‘वा’ला. पाचव्या मात्रेवर ‘जा’, आणि सहाव्यापासून आठव्या मात्रेच्या मध्यापर्यंत ‘गा’. शेवटची अर्धी मात्रा श्वासाची. ‘दि’ ऱ्हस्व आहे म्हणून त्याला अर्धीच मात्रा. तो लांबवला असता तर गायिकेला ‘दीवा’ म्हणावे लागले असते, आणि संथ गाण्यात असे ताणलेले ऱ्हस्व फार उघडे पडते. दाट ओळीत ते झाकले जाते, विरळ ओळीत प्रत्येक अक्षर भिंगाखाली असते. शब्दांचा क्रमही याच कारणाने ठरला. ‘जागा दिवा दारी’ असेही म्हणता आले असते, अर्थ तोच राहिला असता. पण मग अडीच सेकंदांचा शेवटचा ठहराव ‘री’वर, म्हणजे ‘ई’ या आवळलेल्या स्वरावर आला असता. ‘गा’मधला ‘आ’ तोंड मोकळे ठेवतो आणि त्यावर आवाज हवा तितका वेळ भरून ठेवता येतो. त्यामुळे संथ गाण्यासाठी लिहिताना अक्षरे कमी करणे हे अर्धे काम झाले. उरलेल्या अक्षरांपैकी लांबणारी कोणती आणि त्यांच्या पोटात कोणता स्वर आहे, हे पाहणे दुसरे अर्धे.

शब्दांची लांबीही इथे आडवी येते. एक अक्षर एक सेकंद टिकते अशा लयीत ‘अंतराळातली’ हा शब्द घातला, तर तो पुरा व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. एवढ्या वेळात ऐकणाऱ्याच्या मनात शब्दाचे सुरुवातीचे तुकडे निसटून जातात आणि शेवटी ‘तली’ ऐकू येते, ती कशाची हे कळत नाही. दोन अक्षरांचा शब्द दोन सेकंदांत मिटतो, आणि तो एक वस्तू म्हणून मनात बसतो. ‘दारी’, ‘दिवा’, ‘जागा’ हे तिन्ही शब्द दोन-दोन अक्षरांचे आहेत, हा योगायोग नव्हता. संथ गाण्याच्या मसुद्यात चार अक्षरांहून मोठा शब्द दिसला की मी तिथे थांबते आणि त्याला पर्याय शोधते. एखादा मोठा शब्द हवाच असेल, तर त्याची अक्षरे लगोलग उच्चारून शेवटच्या अक्षरावर थांबायला सांगावे लागते, म्हणजे शब्द आधी कळतो आणि सूर मागाहून लांबतो.

शेवटच्या टप्प्याची अडचण नेमकी उलट होती. ‘दारी दिवा जागा’ हीच ओळ मिनिटाला दीडशे मात्रांवर म्हणून पाहिली. आठ मात्रांना तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद. सहा अक्षरे, म्हणजे सेकंदाला जेमतेम दोन. ऐकताना ताल धावतो आहे आणि शब्द जागच्या जागी उभे आहेत, असे वाटत होते. द्रुत गाण्यात शब्द कमी पडले की त्याची खूण हमखास दिसते: गायक रिकाम्या जागा आपणहून भरू लागतात. कोणी ‘हो’ घालते, कोणी ‘रे’ घालते, कोणी ‘दारी’चे ‘दारी दारी’ करते. भरतीचे असे शब्द आपोआप उगवू लागले, तर गायकाला दोष देण्याऐवजी ओळीतली पोकळी शोधावी. तो ज्या मात्रेवर ‘रे’ म्हणतो, त्याच मात्रेला अक्षर हवे असते. त्याने जागा आपल्याला दाखवून दिलेली असते.

द्रुत ओळ लिहिताना संथ ओळीतून काढलेले शब्द परत घालता आले असते. ‘रात्र उलटून गेली’ तयारच होते. पण जास्त अक्षरे म्हणजे जास्त माहिती, असे केले तर द्रुत ओळ बुडते. सेकंदाला चार अक्षरे ऐकणाऱ्या कानाला प्रत्येक शब्द नव्याने ओळखायला वेळ नसतो. त्याला आधार लागतो तो आधी ऐकलेल्या ध्वनीचा. म्हणून वेगवान रचनांमध्ये अनुप्रास आणि शब्दांची साखळी इतकी आढळते. अठराव्या शतकातील अमृतरायांच्या कटाव नावाच्या रचना प्रसिद्ध आहेत त्या याच गुणासाठी: ध्वनी पुन्हा पुन्हा येत राहतो, त्यामुळे जीभ चुकत नाही आणि कान मागे पडत नाही. मी हाच मार्ग घेतला. दारात दिवा आहे, दिव्यात वात आहे, वातीत रात्र जळते आहे. प्रत्येक तुकड्याचा शेवट पुढच्या तुकड्याची सुरुवात. ओळ अशी झाली: ‘दारात दिवा, दिव्यात वात, वातीत रात जळते गं’.

इथे मघाशी राखून ठेवलेला मराठीचा विशेष समोर येतो. ही ओळ लिहिलेल्या अक्षरांप्रमाणे मोजली तर एकोणीस अक्षरांची आहे: दा-रा-त, दि-वा, दि-व्या-त, वा-त, वा-ती-त, रा-त, ज-ळ-ते, गं. पण आपण बोलताना ‘वात’ हा शब्द दोन अक्षरांत उच्चारत नाही. शेवटच्या ‘त’मधला ‘अ’ आपण गिळतो आणि ‘वात्’ असा एकच झटका देतो. तसेच ‘रात’चे, ‘दारात’मधल्या ‘रात’चे, आणि ‘जळते’मधल्या ‘जळ’चे. बोलण्याप्रमाणे मोजले तर हीच ओळ तेरा अक्षरांची होते. सहा अक्षरांचा हा फरक लेखणीच्या हातचा नाही; तो गाण्याच्या लयीच्या हातचा आहे. द्रुत लयीत तो ‘अ’ गिळलेलाच राहतो, कारण त्याला उच्चारायला वेळ नसतो. संथ लयीत तोच ‘अ’ हळूच परत येतो आणि ‘वात’ दोन अक्षरांचा होतो, कारण व्यंजनावर सूर धरता येत नाही, स्वर लागतोच. वृत्तबद्ध कविता लिहिणाऱ्यांना हे जुनेच ठाऊक आहे. ते तो ‘अ’ मोजतातच. चालीवर लिहिणाऱ्याने मात्र दोन्ही मोजण्या हाताशी ठेवाव्यात आणि लय पाहून त्यांतली एक निवडावी.

तेरा अक्षरे आणि तीन पूर्णांक दोन दशांश सेकंद: दाटी सेकंदाला चारच्या जरा वर. आता संथ टप्प्यासाठी नाकारलेल्या ओळीशी हिची तुलना करण्यासारखी आहे. त्या ओळीत उच्चारानुसार एकोणीस अक्षरे होती, हिच्यात तेरा आहेत. तरीही हिची दाटी जवळजवळ पावणेदोन पट आहे. ओळीमागे अक्षरे किती, हा आकडा म्हणूनच फसवा असतो. सेकंदामागे किती, हा विचारावा.

तालावर ती अशी पडली. पहिल्या मात्रेवर ‘दा-रात’, दुसऱ्यावर ‘दि-वा’, तिसऱ्यावर ‘दि-व्यात’, चौथ्यावर एकटी ‘वात’, पाचव्यावर ‘वा-तीत’, सहाव्यावर एकटी ‘रात’, सातव्यावर ‘जळ-ते’ आणि आठव्यावर ‘गं’. बहुतेक मात्रांना दोन अक्षरे, मध्ये-मध्ये एकच. चौथ्या आणि सहाव्या मात्रेवरची ही एकटी अक्षरे फार उपयोगी पडली. सगळ्या आठ मात्रांवर दोन-दोन अक्षरे ठेवली असती तर सोळा झाली असती आणि ओळ यंत्रासारखी खटाखट वाजली असती. एका मात्रेवर एकच अक्षर आले की जिभेला निमिषभर उसंत मिळते आणि त्या अक्षरावर अर्थाचा भार आपोआप पडतो. या ओळीत तो भार ‘वात’ आणि ‘रात’ या दोन शब्दांवर पडला, आणि यमकही त्यांचेच आहे.

तरी तालमीत एक अडचण आलीच. गायिका पहिल्या मात्रेवरून दुसऱ्यावर जाताना दर वेळी ‘दाराद्दिवा’ असे काहीतरी म्हणे. तिचे उच्चार स्वच्छ आहेत, आवाजाला तयारी आहे. दोष ओळीतच होता. ‘दारात’चा शेवट ‘त’वर आणि ‘दिवा’ची सुरुवात ‘द’वर. दोन्ही दंत्य, जीभ दोन्हींसाठी दातांमागे त्याच जागी टेकते. अर्ध्या मात्रेला एक पंचमांश सेकंद मिळत असताना जीभ तिथून उचलून पुन्हा तिथेच टेकवणे जमत नाही. ती एकदाच टेकते आणि दोन व्यंजनांचे एक होते. संथ लयीत हा प्रश्न उद्भवलाच नसता, कारण मधे तो गिळलेला ‘अ’ परत आला असता. उपाय साधा होता. ‘दारात’च्या जागी ‘दारी’ घातले. अक्षरे तेवढीच राहिली, शब्दांच्या मधे स्वर आला, आणि ओळीची सुरुवात संथ टप्प्यातल्या ‘दारी दिवा’शी जुळली. ‘दारी दिवा, दिव्यात वात, वातीत रात जळते गं’: हीच ओळ पुढे कायम झाली.

द्रुत लयीत शब्द जिथे एकमेकांना भेटतात, ते सांधे तपासणे म्हणूनच अक्षरे मोजण्याइतके आवश्यक आहे. आधीच्या शब्दाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकाच जागेवरून उच्चारली जात असेल, तर तिथे गडबड ठरलेली. जोडाक्षरांचेही तसेच आहे, पण सगळी जोडाक्षरे सारखी जड नसतात. ‘दिव्यात’मधला ‘व्य’ घसरत निघून जातो. ‘अस्पष्ट’, ‘वस्त्र’, ‘निष्प्राण’ यांसारख्या शब्दांत मात्र जिभेला दोन-तीन जागा बदलाव्या लागतात, आणि कागदावर एक अक्षर दिसणारी गोष्ट वेळ दोन अक्षरांचा घेते. अशा शब्दांना द्रुत ओळीत स्थान द्यायचे असेल तर त्यांना एकट्याने एक पूर्ण मात्रा द्यावी.

तराणा ऐकताना मला या गोष्टीचे नेहमी नवल वाटते. त, न, द, र यांच्या भोवती रचलेले ते बोल, ‘दिर दिर’, ‘तोम’, ‘ना’, जिभेच्या टोकाने आणि कमीत कमी हालचालीने निघतात. म्हणूनच ते अतिद्रुत लयीतही स्वच्छ राहतात. पण तेवढ्या वेगासाठी अर्थ सोडून द्यावा लागला आहे. दुसऱ्या टोकाला विलंबित एकतालातला ख्याल आहे. तिथे एकेका मात्रेला चार-चार, पाच-पाच सेकंद लागू शकतात, बारा मात्रांचे आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालते, आणि बंदिशीचा मुखडा सोडला तर बराच वेळ शब्द दिसतही नाहीत, नुसत्या ‘आ’वर सूर चालू असतो. तिथेही अर्थ मागे सरतो, पण अक्षरांच्या गर्दीमुळे नव्हे, तर एकेका अक्षराच्या लांबीमुळे. गीतलेखकाचे काम या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात असते, आणि कोणत्याही लयीत शब्द कळलाच पाहिजे ही त्याच्यावरची अट त्या दोघांवर नाही.

लय संथ म्हणजे अक्षरे कमी आणि लय द्रुत म्हणजे अक्षरे जास्त, हे सूत्र कुठे लागू पडत नाही, तेही सांगायला हवे. तालाची लय आणि शब्दांची लय एकच असते असे नाही. ठेका ठायीत, म्हणजे मूळ संथ लयीत चालू ठेवून शब्द दुगुनीत किंवा चौगुनीत, म्हणजे दुप्पट किंवा चौपट वेगाने म्हणता येतात. मिनिटाला सत्तर मात्रांच्या ठेक्यावर रॅप करणारा गायक प्रत्येक मात्रेवर चार अक्षरे घालतो, तेव्हा दाटी सेकंदाला साडेचारच्या वर जाते. ठेका संथ असला तरी ते गाणे संथ नाही. उलट दीडशेच्या धावत्या ठेक्यावर चार-चार मात्रांचा एकेक सूर धरलेली चाल असते. तिच्यावर तेरा अक्षरे लादली तर चालच नाहीशी होते. म्हणून नुसत्या ठोक्यांच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा चाल ‘ला ला’ करून गुणगुणावी आणि तिच्यात स्वर किती वेळा बदलतो ते पाहावे. ते बदल म्हणजे शब्दांसाठी केलेल्या खुणाच. ध्रुवपदाचेही वेगळे असते. ते अनेकांनी मिळून म्हणायचे असेल, तर त्याची दाटी अंतऱ्यापेक्षा कमी ठेवावी लागते, कारण वीस आवाजांची अक्षरे इतक्या वेगात एकाच क्षणी पडत नाहीत आणि शब्दांचा गलबला होतो.

मधला टप्पा लिहायला सर्वांत सोपा ठरला, आणि त्याचे श्रेय त्या गिळलेल्या ‘अ’ला आहे. मिनिटाला शहाण्णव मात्रा म्हणजे आठ मात्रांना बरोबर पाच सेकंद. ओळ केली: ‘दारी दिवा, दिव्यात वात जागी’. संथ ओळीतले जागेपण वातीकडे आले आणि द्रुत ओळीतली साखळी सुरू झाली. बोलण्याप्रमाणे हिची अक्षरे नऊ. ‘दिव्यात’ आणि ‘वात’ यांचे शेवटचे ‘त’ पूर्ण उच्चारले तर अकरा. म्हणजे दाटी सेकंदाला दोनच्या किंचित खाली किंवा किंचित वर. गायिका पहिल्यांदा ही ओळ म्हणताना ते ‘त’ मोकळे सोडत असे, ‘वाऽत’ असे, आणि दुसऱ्या वेळी लय थोडी चढलेली असताना तेच ‘त’ मिटून घेत असे. तिला हे कोणी सांगितले नव्हते. ओळीने दोन्ही शक्यता ठेवल्या होत्या आणि लयीप्रमाणे तिने त्या वापरल्या. मध्य लयीतल्या ओळीत व्यंजनान्त शब्द मी म्हणूनच मुद्दाम ठेवते. ठरलेली लय तालमीत चार-सहा मात्रांनी वर-खाली झाली तरी ओळ मोडत नाही.

आता राहिला गाण्याचा शेवट. संगीतकारांना तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणून समेवर येणे, हवी होती आणि ती द्रुत ओळीच्या शेपटावर घ्यायचे ठरले: ‘रात जळते गं’. ‘रात’ला एक मात्रा, ‘जळते’ला एक आणि ‘गं’ला एक, अशा तीन मात्रा. तीनदा म्हटले की नऊ मात्रा होतात. समेवर सुरुवात केली तर पहिल्या आवर्तनाच्या आठ मात्रा संपून तिसरा ‘गं’ पुढच्या समेवर पडतो. तीन पूर्णांक सहा दशांश सेकंदांत बारा अक्षरे, म्हणजे दाटी चारवरून सव्वातीनच्या जवळ उतरते. हा उतार मला हवा होता, कारण तिहाईत शब्द समेवर आदळताना ऐकू आले पाहिजेत. अडचण श्वासाची होती. तिहाईच्या आधीची ओळ आठव्या मात्रेवरच्या ‘गं’ने संपत होती, त्या मात्रेचा जेमतेम अर्धा भाग मोकळा राहत होता आणि एक पंचमांश सेकंदात नऊ मात्रांना पुरेल एवढा श्वास भरत नाही. गायिका दुसऱ्या ‘गं’पर्यंत येईतो आवाज पातळ होत होता. म्हणून तिहाईच्या अगोदरच्या तेवढ्या एका ओळीतून ‘गं’ काढून टाकला. ‘वातीत रात जळते’ म्हणून ती थांबते, आठवी मात्रा पूर्ण रिकामी राहते, तिथे तबला एकटा वाजतो आणि गायिका श्वास घेऊन समेवर तिहाई उचलते.